डावा इअरबड दोन तासांत गार, उजवा दिवसभर ताजातवाना: असं का होतं?

मुक्ता_नाशिक
मंडळी, एक तांत्रिक प्रश्न आहे.

माझे वायरलेस इअरबड दीड वर्षाचे झाले. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, साधारण अडीच हजारांतली जोडी आहे. नवीन असताना दोन्ही बड साडेचार-पाच तास आरामात चालायचे. गेल्या काही महिन्यांपासून डावा आधी मान टाकतो. दोन्ही एकाच वेळी केसमधून काढले, दोन्ही १०० टक्के दाखवत असले, तरी दोन तासांच्या आत डाव्यातून "बॅटरी लो" येतं आणि तो बंद पडतो. तेव्हा उजवा साठाच्या आसपास असतो.

आणखी एक विचित्र गोष्ट. परवा कॉलवर असताना डावा ४० टक्क्यांवर होता आणि एकदम बंद झाला. केसमध्ये न ठेवता दहा मिनिटांनी पुन्हा चालू केला, तर ३५ टक्के दाखवत सुरू झाला आणि पाच मिनिटांत परत गेला.

दोन्ही एकाच दिवशी विकत घेतले, एकाच केसमध्ये झोपतात, एकाच फोनला जोडलेले असतात. मग एकच का म्हातारा झाला? वॉरंटी एक वर्षाची होती, ती संपली आहे. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात एकटा बड मिळत नाही, जोडीच घ्या.

टेक_तात्या
सोपं आहे. डावा बड हा मास्टर असतो. फोनचं ब्लूटूथ फक्त डाव्याशी बोलतं, आणि डावा मग तोच आवाज उजव्याला पाठवतो. म्हणजे डाव्याला दुप्पट काम. सगळ्याच कंपन्यांत असं असतं. करण्यासारखं काही नाही.

जुनाट_रेडिओ
मुक्ताताई, बॅटरीला सवय लागली आहे. तुम्ही अर्धवट वापरून परत केसमध्ये ठेवत असणार, म्हणून तिला तेवढंच लक्षात राहिलं. डावा पूर्ण शून्यावर आणा, रात्रभर तसाच ठेवा, मग पूर्ण चार्ज करा. असं चार-पाच वेळा केलं की पूर्ववत होईल. आमच्या जुन्या कॉर्डलेस फोनला मी हेच करायचो आणि गुण यायचा.

सोल्डरबाबा
रेडिओकाका, तुमचा उपाय तुमच्या कॉर्डलेससाठी बरोबर होता, कारण त्यात निकेल-कॅडमियम सेल असायचे. इअरबडमध्ये लिथियम-आयन असतो. त्याला ती सवय लागत नाही, उलट शून्यावर नेऊन रात्रभर ठेवणं हेच त्याला बाधतं. मुक्ताताई, कृपा करून हे करू नका.

तात्या, तुमचं अर्धं बरोबर आहे. २०१६ ते १८ च्या सुमारास आलेल्या बऱ्याच जोड्यांत एक बड फोनकडून आवाज घ्यायचा आणि दुसऱ्याला पुढे पाठवायचा. मधे डोकं असतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाण्याने भरलेलं डोकं ओलांडणं जड जातं, त्यामुळे त्या बडची बॅटरी खरंच लवकर जायची. पण तो नेहमी डावाच असायचा असं नाही. कुठे उजवा असायचा, कुठे जो आधी केसबाहेर येईल तो. नंतर पद्धत बदलली. एक बड फोनशी जोडलेला राहतो आणि दुसरा तेच बोलणं चोरून ऐकतो, पुढे पाठवण्याची भानगडच नाही. चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने २०२० मध्ये आणलेलं मिररिंग असंच आहे आणि त्यात एकाची बॅटरी उतरली की भूमिका आपोआप बदलताही येते. म्हणजे आजच्या जोडीत भूमिकेमुळे पडणारा फरक असलाच तर थोडा. पाच तास आणि दोन तास एवढा नाही.

मुक्ताताई, असमान बॅटरीची कारणं मला तीनच गटांत दिसतात: एक बड जास्त काम करतोय, एक बड पूर्ण भरतच नाहीये, किंवा एकाचा सेल खरंच थकलाय. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी कोणतं ते ओळखा. आणि एक सांगा, तुम्ही कॉल कसे घेता? दोन्ही घालून की एकच?

कुंदा_आत्या
माझाही असाच त्रास आहे. उजव्यातून आवाज अगदी बारीक येतो. मुलगा म्हणतो बॅटरी बघ, पण बॅटरी तर ऐंशी दाखवते. मी पण शून्यावर आणू का?

सोल्डरबाबा
आत्या, तुमची तक्रार निराळी आहे. आवाज एका बाजूने बारीक झाला तर बहुतेक वेळा जाळीत कानातला मळ बसलेला असतो. सिलिकॉनची टोपी काढा आणि उजेडात जाळी बघा. कोरड्या मऊ ब्रशने, बड खाली तोंड करून धरून साफ करा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. पिन किंवा सुई घालू नका. तरीही नाही झालं तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स मधे आहे का बघा, नातवंडांच्या हातून तो सरकतो. शून्यावर काही आणू नका.

मुक्ता_नाशिक
@सोल्डरबाबा, मी घरून कस्टमर सपोर्टचं काम करते. दिवसाला साधारण तीन तास कॉल असतात. एकच बड घालते, डावा, कारण उजव्या कानाने घरातलं ऐकू यायला हवं. (मुलगी चार वर्षांची आहे, शांतता झाली की समजायचं काहीतरी चाललंय.) उजवा तेव्हा केसमध्येच असतो. संध्याकाळी फिरायला जाताना दोन्ही घालून गाणी ऐकते, तासभर.

सोल्डरबाबा
मग उत्तर जवळपास इथेच आहे. तरी अंदाजावर जोडी फेकू नका. एक चाचणी करा, वेळ लागेल पण पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, भरतंय का ते बघा. रात्री दोन्ही केसमध्ये ठेवा, केस चार्जरला लावा. सकाळी झाकण उघडून लगेच फोनवर दोन्ही आकडे बघा. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा झाकण उघडल्यावर येणाऱ्या खिडकीत डावा-उजवा वेगळे दिसतात. दोन्ही १०० हवेत.

मग एकेकटा बड चालवा. उजवा बंद केसमध्ये, फक्त डावा कानात. एकच गाण्यांची यादी, फोनचा आवाज निम्म्याच्या थोडा वर, नॉइज कॅन्सलेशन दोन्ही वेळा सारखं, फोन शेजारच्या टेबलावर. चालू केल्यापासून बंद पडेपर्यंतची वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी हेच उजव्याचं करा. शेवटी दोन्ही एकत्र.

यात मुद्दा असा की एकटा चालताना प्रत्येक बडला सारखंच काम असतं. तिथे दोघांचा वेळ सारखा आला आणि एकत्र चालवताना फरक पडला, तर दोष भूमिकेचा. एकटा चालतानाही डावा निम्म्यात गेला, तर दोष त्याच्या सेलचा किंवा चार्जिंगचा.

टेक_तात्या
एवढं कशाला? चार्ज व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. लहान तांब्या लवकर भरतो. डावा लवकर भरत असेल तर त्याची क्षमता कमी झाली.

सोल्डरबाबा
कल्पना वाईट नाही तात्या, पण थकलेला सेल तुम्हाला फसवतो. त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून करंट वाहताना होणारा अडथळा, वाढलेला असतो, त्यामुळे चार्जर लवकरच ४.२ व्होल्टच्या मर्यादेला पोचतो आणि मग शेवटचा भाग अगदी थेंबाथेंबाने भरत बसतो. क्षमता कमी असूनही वेळ तेवढाच लागलेला दिसू शकतो. वापरून संपवण्याची वेळ जास्त खात्रीची.

बोरिवली_फास्ट
माझा किस्सा सांगतो, कारण माझ्याकडे उलटं होतं. उजवा सकाळी लोकलमध्ये चढताना काढला की ६० टक्के! रात्रभर केसमध्ये होता, डावा १००. त्यात भर म्हणजे रात्री फोनवर गाणं लावलं की आवाज कुठेच नाही. नंतर समजलं की उजवा बड बंद केसमध्ये असूनही फोनला जोडलेला राहायचा आणि गाणं केसच्या आत वाजायचं. भुताटकीच.

सोल्डरबाबा
@बोरिवली_फास्ट, हा दुसरा गट. केसच्या तळाशी ज्या बारीक स्प्रिंगच्या पिना असतात त्या बडच्या धातूच्या ठिपक्यांना टेकल्या की बडला कळतं, आपण घरी आलो, बंद व्हायचं आणि चार्ज व्हायचं. मधे घाम, मळ किंवा हिरवट गंज आला की संपर्क तुटतो. मग बड समजतो आपण बाहेरच आहोत आणि तो रात्रभर चालू राहतो.

ओळखायची खूण अशी: बड केसमध्ये ठेवल्यावर बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर चार्जिंगचा दिवा लागला आणि सोडल्यावर गेला, तर संपर्कच खराब आहे. कापसाची काडी किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा, टपकता कामा नये, आणि बडचे ठिपके व केसमधल्या पिना दोन्ही पुसा. पिन खाली दाबून सोडा, ती परत उसळली पाहिजे. मेडिकलमधलं साधं स्पिरिटही अडीनडीला चालतं. पॉलिश पेपर किंवा चाकूने खरडू नका, वरचा सोन्याचा पातळ मुलामा गेला की पुढचा गंज दुप्पट वेगाने येतो.

लोकलमध्ये घाम येतो म्हणून सांगतो, कानातून काढले की आधी रुमालाला पुसा आणि मग केसमध्ये टाका.

बोरिवली_फास्ट
दाबल्यावर दिवा लागतो! म्हणजे तेच. रविवारी साफ करतो आणि सांगतो.

हिशोबनीस
सोल्डरबाबा, तुमची दिशा पटते, पण मुक्ताताईंच्या बाबतीत आकडे जुळतात का ते बघू. त्यांचा डावा रोज तीन तास कॉलवर. कॉलमध्ये माइक चालू, आवाज दोन्ही दिशांनी, म्हणून वेळ कमी मिळतो. ॲपलच्या दुसऱ्या पिढीच्या एअरपॉड्सना कंपनी स्वतःच ऐकायला ५ तास आणि बोलायला ३ तास सांगते. तोच हिशोब धरला तर मुक्ताताईंचा तीन तासांचा कॉल म्हणजे डाव्याचं जवळपास एक पूर्ण चक्र, म्हणजे एकदा पूर्ण भरून संपवणं, रोज. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर दीड वर्षात ३७५ चक्रं. संध्याकाळचा तासभर गाणी म्हणजे आणखी पाचवा हिस्सा, पण तो दोघांनाही. दीड वर्षातल्या साधारण ५०० संध्याकाळी धरल्या तर प्रत्येकी १०० चक्रं.

म्हणजे डावा पावणेपाचशेच्या घरात, उजवा शंभरवर. सेल बनवणारे साधारण ३०० ते ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगतात. मग डावा ८० टक्क्यांवर असायला हवा. पाच तासांचे चार व्हावेत. दोन कसे झाले? इथे माझा प्रश्न आहे.

मुक्ता_नाशिक
बापरे, एवढा हिशोब मी माझ्या पगाराचाही करत नाही.

निकाल आलेत. सकाळी दोन्ही १००. दाबून बघितलं, दिवा दोन्हीकडे आपोआप लागतो, दाबावं लागत नाही. एकटा उजवा: ४ तास ३५ मिनिटं. एकटा डावा: २ तास ५ मिनिटं. दोन्ही एकत्र लावले तर उजवा ४ तास २०, डावा १ तास ५०.

आणि डावा उतरतो कसा तेही लिहून ठेवलं. पहिल्या तासात १०० वरून ७० पर्यंत, अगदी शहाण्यासारखा. मग ७० वरून ४०. आणि ४० वरून दहा मिनिटांत खल्लास.

सोल्डरबाबा
छान नोंदी केल्यात. आता बघा. एकटा चालतानाही डावा निम्म्याहून कमी आणि एकत्र चालताना दोघेही साधारण पंधरा मिनिटांनी कमी. म्हणजे जोडीने चालण्याने दोघांचाही वेळ थोडाच घटतो, मास्टर-बिस्टर हे इथे मुख्य कारण नाही. संपर्कही ठीक. उरला सेल.

४० वरून कोसळणं आणि थोडी विश्रांती दिल्यावर ३५ दाखवत उठणं, ही तर थकलेल्या सेलची सहीच आहे. बडमधला टक्का बहुधा व्होल्टेज बघून काढलेला अंदाज असतो. रोध वाढलेल्या सेलमधून करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं, सर्किटला वाटतं संपला, बंद करतं. विश्रांती मिळाली की व्होल्टेज परत वर येतं, पण आतला साठा काही वाढलेला नसतो. कॉलमध्ये माइक आणि ट्रान्समीटर जास्त ओढतात, म्हणून तो कॉलवर आधी पडतो. आणि केसमधून निघताना १०० दाखवतो ते खोटं नाही. आज त्याच्यात जेवढं मावतं तेवढ्याचे १०० टक्के आहेत ते.

@हिशोबनीस, तुमच्या प्रश्नाला माझं अर्धं उत्तर आहे. ८० टक्क्यांचा आकडा हा प्रयोगशाळेतला, २५ अंशांच्या आसपास, हळू चार्ज करून काढलेला असतो. बडमधला सेल असतो ४०-५० मिलिअँपिअर-तासांचा, नखाएवढा. "दहा मिनिटांत दोन तास" अशी जाहिरात करायची तर त्याला धसमुसळेपणाने भरावं लागतं, आणि बंद केसमध्ये तो तापतो. शिवाय ८० च्या खाली गेल्यावर घसरण सरळ रेषेत होत नाही, उतार तीव्र होतो. त्यात रोधामुळे उरलेला साठाही पूर्ण वापरता येत नाही. हे सगळं मिळून ४ चे २ होऊ शकतात.

हिशोबनीस
"होऊ शकतात" हे मान्य. पण डावा मुळातच कमअस्सल निघाला असण्याची शक्यता तुम्ही सोडून देताय. स्वस्त जोड्यांत कारखान्यात दोन सेल क्षमतेनुसार जुळवून लावत असतील याची मला खात्री वाटत नाही.

सोल्डरबाबा
ती शक्यता मी नाकारत नाही. नवीन असताना एकटा-एकटा वेळ मोजलेला असता तर सांगता आलं असतं. मुक्ताताई म्हणतात दोन्ही सारखे चालायचे, तेवढ्यावर मी विसंबतोय.

मुक्ता_नाशिक
सुरुवातीला डावा आधी जायचा असं काही आठवत नाही. पण तेव्हा मी पाच तास सलग ऐकतच नव्हते, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही.

आता करायचं काय? सेल बदलून मिळतो का? नाशिकला एक जण म्हणाला ४०० रुपयांत करून देतो.

टेक_तात्या
पुण्याला या, तपकीर गल्लीत कुणीही करून देईल. फोनच्या बॅटऱ्या बदलतात तसंच.

सोल्डरबाबा
फोनसारखं नाही तात्या. मी असे बड उघडलेत. दोन अर्धी कवचं गोंदाने चिकटवलेली असतात. ती गरम करून उचकटावी लागतात, आणि एकदा उघडली की घामापासून बचाव करणारं सील गेलंच. उपकरणं उघडून ती किती दुरुस्त करता येतात ते तपासणाऱ्या iFixit ने पहिल्या एअरपॉड्सना दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य दिलं होतं ते उगाच नाही. २०१९ च्या गॅलेक्सी बड्सना मात्र त्यांनी सहा दिले, कारण त्यात सेल नाण्यासारखा काढून बसवता येतो. म्हणजे सगळं मॉडेलवर आहे.

मुक्ताताई, त्या माणसाला तीन प्रश्न विचारा. पहिला, तुमच्या मॉडेलचा बड त्याने आधी उघडलाय का. दुसरा, सेलवर आकडा कोणता आहे आणि तो त्याच आकड्याचा आणणार का. आकडा वाचायला सोपा असतो. १२५४ म्हणजे व्यास १२ मिलिमीटर आणि जाडी ५.४. जाडी थोडी जरी जास्त झाली तर कवच बंद करताना सेल दाबला जातो, आणि दाबलेला लिथियम सेल कानात घालायचा नसतो. तिसरा, सेल किती व्होल्टला भरायचा आहे. काही ४.२ ला भरतात, काही त्याहून वर. जास्त व्होल्टच्या सर्किटमध्ये कमी व्होल्टचा सेल टाकला तर तो फुगतो किंवा त्याहून वाईट.

आणि तो सेलवर थेट सोल्डर करणार असेल तर उठून या. त्याच्यावर पत्र्याच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात, वायर त्या पट्टीला जोडायची. खुद्द सेलला कावीया लावला तर आतला पडदा वितळतो.

जुनाट_रेडिओ
चारशे रुपयांत हे सगळं होणार नाही हे मला न शिकताही कळतं.

शर्वरी_स्टुटगार्ट
इथे जर्मनीत हा विषय सध्या बराच चर्चेत आहे. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. काही अपवाद आहेत, त्यामुळे इअरबडच्या बाबतीत कंपन्या कशी पळवाट काढतात ते बघायचं. फेअरफोनने २०२४ मध्ये फेअरबड्स आणले, त्यात बडचे सेल आणि केसची बॅटरी दोन्ही बदलता येतात. नवऱ्याकडे आहेत. आवाज ठीकठाक, पण सेल बदलणं खरंच सोपं आहे.

माझ्या एअरपॉड्सचा उजवा गेला तेव्हा मात्र मी एकटा बड बदलून घेतला. ॲपल एकेक बड देते. फक्त नवा आला की दोन्ही केसमध्ये ठेवून केसचं मागचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावं लागलं, तेव्हा त्यांनी एकमेकांना ओळखलं.

टेक_तात्या
मग नवा आणि जुना यांच्यात फरक पडला असेल की. आता दुसरा आधी जातो का?

शर्वरी_स्टुटगार्ट
जातो. तासाभराने आधी. पण तेवढं चालतं.

बोरिवली_फास्ट
रिपोर्ट: साफ केलं. उजव्याच्या ठिपक्यांवर हिरवट थर होता, कापसाला लागून आला. आता सकाळी दोन्ही १००. पण एकत्र चालवले तर उजवा अजूनही अर्धा तास आधी जातो. सोल्डरबाबा, हे का?

सोल्डरबाबा
कित्येक रात्री तो चालूच राहिला आणि वारंवार तळाला गेला, तेवढं वय त्याला जास्त लागलं. ते परत येत नाही. अर्ध्या तासाचा फरक असेल तर तसाच वापरा.

मुक्ता_नाशिक
ठरवलं ते सांगते. त्या दुकानदाराला आकड्याचं विचारलं तर म्हणाला, "जो बसेल तो टाकू." तिथूनच परत आले.

कामासाठी आता वायरचा हेडसेट आणलाय, एका कानाचा. इअरबडवर कॉल बंद. ही जोडी फक्त संध्याकाळच्या फेरीला, तिला तासभर पुरतं. नवीन कधी घेतले तर एक दिवस डावा, एक दिवस उजवा असं करेन. एक विचारायचं राहिलं: ॲपमध्ये माइक कोणत्या बाजूचा ते निवडता येतं असं कुठेतरी वाचलं. माझ्यात तसं काही दिसत नाही.

सोल्डरबाबा
एअरपॉड्समध्ये तो पर्याय आहे: आपोआप, नेहमी डावा किंवा नेहमी उजवा. आपोआपच ठेवायचा. बऱ्याच स्वस्त जोड्यांत तो नसतो. पण तुम्ही एकच बड घालत असाल तर त्याने काही फरक पडत नाही, जो कानात आहे त्याचाच माइक चालणार. दिवसाआड बाजू बदलणं हाच तुमच्यासाठी उपाय. आणि जी बाजू वापरात नसते ती दिवसभर १०० टक्के भरून गरम केसमध्ये पडू देऊ नका. भरलेला आणि तापलेला लिथियम सेल नुसता पडूनही झिजतो. केस खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

हिशोबनीस
इथे मला परत शंका. मुक्ताताईंचा उजवा दीड वर्ष दिवसभर केसमध्ये १०० टक्के भरून पडलेला होता, तेही नाशिकच्या उन्हाळ्यात. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याचंही नुकसान व्हायला हवं होतं. पण तो ४ तास ३५ मिनिटं चालतो, म्हणजे जवळपास नव्यासारखा.

सोल्डरबाबा
नव्यात साडेचार-पाच म्हणाल्या होत्या. पाच धरलं तर आठ-दहा टक्के गेले आहेत, साडेचार धरलं तर काहीच नाही. मूळ आकडा पक्का नसताना यावर आपण दोघे कितीही वाद घालू शकतो. पण पडून होणारी झीज ही चक्रांच्या झिजेपेक्षा इथे कमी पडली, एवढं तरी दिसतंय. काही केस बड भरल्यावर पुरवठा तोडतात आणि बराच उतरल्याशिवाय परत भरत नाहीत. यांची केस तशी असू शकेल.

कुंदा_आत्या
जाळी साफ केली. केवढा मळ निघाला, सांगायला लाज वाटते. आवाज आला. आता दोन्हीकडे सारखा वाटतो, पण मुलगा म्हणतो अजून डावीकडे जास्त आहे. त्याचा कान की माझा, ते कसं बघायचं?

टेक_तात्या
आत्या, बड अदलाबदल करून बघा. डावा उजव्या कानात. नीट बसणार नाही पण क्षणभर धरून ठेवा. कमी आवाज बडबरोबर दुसऱ्या कानात गेला तर बड, त्याच कानात राहिला तर कान.

सोल्डरबाबा
तात्या, हे शंभर टक्के बरोबर.